नेता, अनुयायी आणि कूर्नो: जास्त कोण कमावतं?

प्रश्न: स्टॅकेलबर्गच्या मॉडेलमध्ये दोन उत्पादकांपैकी नेता आपलं उत्पादन आधी ठरवतो आणि अनुयायी ते पाहून आपलं; त्यात नेता जास्त कमावतो आणि अनुयायी कमी, असं आम्हाला शिकवलं. मी किंमत = १२० − एकूण उत्पादन धरून, नेत्याचा खर्च नगामागे ३० आणि अनुयायाचा शून्य घेऊन सोडवलं, तर अनुयायीच कितीतरी जास्त कमावतो. माझं कुठे चुकलं? आणि अनुयायाला नेत्याचा आकडा आधी दिसतो, म्हणजे माहिती त्याच्याकडे जास्त. मग तो मागे का पडतो?

उत्तर:

तुमचं गणित बरोबर आहे. अपुरं आहे ते तुम्हाला शिकवलेलं वाक्य. ‘नेता जास्त कमावतो’ यात कोणापेक्षा जास्त, हेच सांगितलेलं नाही. नेत्याची तुलना स्वतःशीच करायची, म्हणजे दोघांनी एकाच वेळी उत्पादन ठरवलं असतं तर त्याला जे मिळालं असतं त्याच्याशी, की समोरच्या अनुयायाशी? या दोन वेगळ्या तुलना आहेत. पहिलीचं उत्तर पक्कं आहे, दुसरीचं खर्चावर अवलंबून आहे. मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला हा विषय शिकवतो आहे, आणि उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त घोळ याच ठिकाणी दिसतो.

आधी दोघांचा खर्च सारखा, म्हणजे शून्य धरू. हे सोयीसाठी केलेलं ढोबळ गृहीतक नाही. ऑगस्टीन कूर्नो यांनी १८३८ मध्ये हा विचार पहिल्यांदा मांडला तेव्हा उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्यांचंच घेतलं होतं: दोन झरे, दोन मालक, पाणी सारख्याच गुणाचं आणि काढायला खर्च काही नाही. प्रत्येक मालक ठरवतो ते फक्त बाजारात किती पाणी आणायचं एवढंच. किंमत एकूण पाण्यावरून ठरते.

तुमचीच मागणी घेऊ. समोरच्याने ४० नग आणले, तर माझ्यासाठी उरलेली मागणी १२० − ४० म्हणजे ८० पासून सुरू होते आणि खर्च नसताना तिच्या निम्मं, ४०, आणणं मला सर्वांत फायद्याचं. समोरच्याचंही तसंच. म्हणून एकाच वेळी ठरवताना दोघं ४०-४० वर येऊन थांबतात. एकूण ८०, किंमत ४०, प्रत्येकाचा नफा १,६००. यालाच आपण कूर्नो समतोल म्हणतो. समोरचा जे करतोय ते तसंच राहणार असेल, तर इथून हलण्यात दोघांपैकी कोणाचाच फायदा नाही.

आता एकाला आधी ठरवू द्या. हाइनरिश फॉन स्टॅकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये मांडलेला बदल एवढाच आहे. नेता आकडा ठरवतो, तो बाजारात दिसतो, मग अनुयायी आपला ठरवतो. अनुयायाचं वागणं आपल्याला माहीत आहे: त्याचं उत्पादन = (१२० − नेत्याचं उत्पादन) ÷ २. नेता हे समीकरण आपल्या नफ्यात *आधी* घालतो आणि मग कमाल शोधतो. यातला क्रम महत्त्वाचा आहे. निम्म्या वर्गाची चूक इथे होते: डेरिव्हेटिव्ह काढताना अनुयायाचं उत्पादन स्थिर धरतात आणि मागाहून वरचं समीकरण, म्हणजे प्रतिक्रिया फलन, घालतात. मग उत्तर पुन्हा ४०-४० येतं आणि ‘सर, दोन्ही मॉडेल्स सारखीच आली’ असं सांगायला येतात. स्टॅकेलबर्ग सोडवताना तुमचं उत्तर कूर्नोचंच आलं, तर समजायचं की नेत्याने अनुयायाच्या प्रतिक्रियेचा विचारच केलेला नाही.

आकडे घालून पाहा. नेत्याने ४० आणले तर अनुयायी ४० आणतो, किंमत ४०, नेत्याचा नफा १,६००. नेत्याने ५० आणले तर अनुयायी ३५ वर येतो, किंमत ३५, नेत्याला १,७५०. ६० आणले तर अनुयायी ३०, किंमत ३०, नेत्याला १,८००. ७० वर गेला तर अनुयायी २५, किंमत २५, नेत्याला पुन्हा १,७५०. म्हणजे ६० ला थांबायचं. इथे घडतंय ते असं: नेत्याने १० नग वाढवले की अनुयायी ५ ने मागे सरतो, म्हणून किंमत १० ऐवजी ५ नेच पडते. नेत्याच्या वाढीव मालाचा निम्मा भार अनुयायी आपल्या अंगावर घेतो. नेता नेमकं हेच वापरून घेतो.

अनुयायाला मिळतात ३० × ३० = ९००. म्हणजे नेत्याला कूर्नोपेक्षा २०० जास्त आणि अनुयायाला ७०० कमी. दोघांचा मिळून नफा ३,२०० वरून २,७०० वर आला. आधी चाल करण्याने धंद्यातला एकूण नफा वाढत नाही, उलट घटतो. नेत्याने २०० मिळवताना अनुयायाचे ७०० घालवले. उरलेलं गिऱ्हाइकाकडे गेलं: माल ८० वरून ९० झाला, किंमत ४० वरून ३० झाली, आणि ग्राहकांचं आधिक्य, म्हणजे त्यांची जितकं द्यायची तयारी होती त्यापेक्षा कमी द्यावं लागल्याने झालेला फायदा, ३,२०० वरून ४,०५० वर पोचलं. समाजाच्या दृष्टीने पाहिलं तर या उदाहरणात स्टॅकेलबर्ग कूर्नोपेक्षा बरा. दोन्ही झरे एकाच मालकाचे असते तर त्याने मिळून फक्त ६० आणले असते, ६० किमतीला, आणि ३,६०० कमावले असते.

नेत्याचं उत्पादन मक्तेदाराइतकंच, ६० आलं, हे पाहून ‘नेता नेहमी मक्तेदाराइतकं उत्पादन करतो’ असा नियम लिहू नका. सरळ रेषेची मागणी आणि दोघांचा सारखा, स्थिर सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायचा खर्च, या दोन्हींमुळे तो योग जुळला आहे. तुमच्याच उदाहरणात तो मोडतो.

तर तुमच्या उदाहरणाकडे. नेत्याचा खर्च ३०, अनुयायाचा शून्य. नेत्याने आणलेल्या मालावर किंमत (१२० − नेत्याचं उत्पादन) ÷ २ राहते, त्यातून ३० वजा. कमाल सापडते ती ३० नगांवर. (हा एकटाच बाजारात असता तर त्याने ४५ आणले असते, म्हणजे मक्तेदारीशी साम्य गेलं.) अनुयायी ४५ आणतो, किंमत ४५. नेत्याला ३० × १५ = ४५०, अनुयायाला ४५ × ४५ = २,०२५. तुम्हाला हेच आलं असणार आणि ते बरोबर आहे.

आता याच दोघांना एकाच वेळी ठरवू द्या. महागडा २० आणतो, स्वस्त ५०, किंमत ५०. महागड्याला २० × २० = ४००, स्वस्ताला २,५००. म्हणजे आधी चाल करून महागड्याने ४०० चे ४५० केले आणि समोरच्याचे २,५०० चे २,०२५. स्वतःच्या कूर्नोपेक्षा तो वर गेला, पण अनुयायाच्या जवळपासही पोचला नाही. आधी चालीचा फायदा खरा आहे, पण तो नगामागे ३० चा तोटा भरून काढण्याइतका मोठा नाही.

मग कितीपर्यंतचा तोटा तो भरून काढतो? याच मागणीवर, अनुयायाचा खर्च शून्य ठेवून, नेत्याचा खर्च १० धरा. नेता ५० आणतो, अनुयायी ३५, किंमत ३५. नेत्याला ५० × २५ = १,२५०, अनुयायाला १,२२५. नेता जेमतेम पुढे. खर्च ११ केला की नेत्याला १,२००.५ आणि अनुयायाला १,२६०.२५, पारडं फिरलं. खर्चातला फरक साधारण १०.३ असताना दोघं बरोबरीत येतात. या बाजारात आधी चाल करण्याचं मोल नगामागे एवढं आहे. तुमचा फरक ३० चा होता, म्हणून अनुयायी एवढा पुढे दिसला.

स्वतःशी केलेल्या तुलनेत नेता कधीच का हरत नाही, याचं कारण एका वाक्यात येतं. नेता हवं तर कूर्नोचाच आकडा निवडू शकतो, अनुयायी त्याला कूर्नोचंच उत्तर देईल, म्हणून कूर्नोचा नफा नेत्याच्या हातातला आहेच. त्यापलीकडे जे सापडेल ते वरचं. यासाठी मागणी सरळ रेषेची असावी लागत नाही, खर्च सारखा असावा लागत नाही. अनुयायाला मात्र असा कोणताही आधार नाही. आपण माल वाढवला की समोरच्याला कमी करणं सोयीचं होतं, अशा बाजारात नेता पुढे सरकतो आणि अनुयायी कूर्नोपेक्षा खाली जातो. नगांऐवजी किमती ठरवायच्या असतील आणि दोघांचा माल थोडा वेगळा असेल, तर चित्र उलटतं: आधी किंमत जाहीर करणाऱ्याच्या थोडं खाली जाऊन दुसरा गिऱ्हाईक ओढतो, आणि दोघांची परिस्थिती सारखी असेल तर मागून येणारा जास्त कमावतो. म्हणून उत्तर लिहिताना ‘उत्पादनाची निवड’ हे शब्द गाळू नका.

आता माहितीचा प्रश्न. तो मला फार आवडला, कारण इथेच या मॉडेलचा गाभा आहे. एकट्याने निर्णय घ्यायचा असेल तर जास्त माहितीने कधी नुकसान होत नाही. इथे निर्णय दोघांचे आहेत, आणि अनुयायाला आकडा दिसतो एवढ्याने त्याचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘त्याला दिसतो’ हे नेत्याला ठाऊक असल्यामुळे. ६० दिसल्यावर शहाणा अनुयायी ३० वरच येणार, हे नेता आधीच मोजून बसलेला असतो. अनुयायाने खरोखर डोळे मिटले असते, आणि मिटलेत हे नेत्याला पटलं असतं, तर ६० आणण्यात नेत्याला काही अर्थ उरला नसता. दोघं ४०-४० वर आले असते आणि अनुयायाला ९०० ऐवजी १,६०० मिळाले असते.

‘तू काहीही आण, मी ४० च आणणार’ अशी धमकी अनुयायाने दिली तर? नेत्याने ६० आणून टाकल्यावर ती पाळायची म्हणजे एकूण १००, किंमत २०, अनुयायाला ८००. न पाळता ३० आणले तर ९००. पाळायची वेळ आल्यावर पाळणं परवडत नाही, म्हणून नेता ती मनावर घेत नाही.

पण हीच कसोटी नेत्यालाही लावून पाहा. पुस्तकं हे घाईने उरकतात, आणि प्रत्यक्ष बाजाराकडे बघताना मला तेच सर्वांत उपयोगी वाटतं. अनुयायाने ३० ठरवल्यानंतर नेत्याला आपला आकडा बदलायची मुभा मिळाली, तर तो ६० वर राहील का? नाही. समोर ३० असताना त्याला सर्वांत फायद्याचे ४५ आहेत. किंमत ४५ होते, नफा १,८०० वरून २,०२५ वर जातो. म्हणजे नेत्याचा ६० हा आकडा अनुयायाच्या ३० ला दिलेलं सर्वोत्तम उत्तर नाहीच. तो टिकतो तो केवळ मागे घेता येत नाही म्हणून. आणि मागे घेता येतो हे अनुयायाला कळलं, तर तो ३० वर कशाला थांबेल? ४५ ला त्याचं उत्तर ३७.५, त्याला नेत्याचं ४१.२५, त्याला अनुयायाचं ३९.३७५, असं करत दोघं पुन्हा ४०-४० वर येतात. म्हणून घड्याळात कोण आधी आला याला महत्त्व नाही. आपला आकडा कोणाला पक्का बांधून टाकता येतो, याला आहे. एखाद्या कंपनीने ‘पुढच्या वर्षी आम्ही इतका माल काढणार’ असं पत्रकार परिषदेत सांगितलं म्हणून ती नेता होत नाही. ओतलेलं काँक्रीट, दुसऱ्या कोणाला विकता न येणारी यंत्रं, मोडले तर दंड पडेल असे पुरवठ्याचे करार यांनी ती नेता होते.

मुंबईत जन्मलेले आणि तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी १९८० मध्ये हा धागा नीट सोडवला. त्यांनी नेत्याला उत्पादनाचा आकडा न देता कारखान्याची क्षमता आधी उभारू दिली. क्षमतेचा खर्च एकदा झाला की तो परत मिळत नाही, आणि पुढे प्रत्येक नग काढायला उरतो तो फक्त कच्च्या मालाचा आणि मजुरीचा खर्च. त्यामुळे मोठं उत्पादन करणं नेत्याला नंतरही परवडतं आणि समोरच्याला ते खरं वाटतं. मात्र एक मर्यादाही निघते: उभारलेली क्षमता पुढच्या स्पर्धेत वापरणं फायद्याचं असलं पाहिजे. नुसती भीती घालायला बांधून रिकामी ठेवायची क्षमता कोणी खरी मानत नाही.

प्रत्यक्षातलं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या टायटॅनियम डायऑक्साइडचं आहे. रंग, कागद, प्लॅस्टिक यांना पांढरेपणा देणारी ही भुकटी. १९७० च्या दशकात ड्यू पाँटकडे इल्मेनाइट या स्वस्त खनिजापासून ती बनवण्याची क्लोराइड प्रक्रिया होती. इतर काही उत्पादक महागलेल्या रुटाइलवर अवलंबून होते. काहींच्या जुन्या सल्फेट प्रक्रियेवर प्रदूषणाच्या नियमांचा खर्च चढला होता. ड्यू पाँटने वाढणाऱ्या मागणीचा मोठा वाटा आपणच उचलायचा अशा बेताने क्षमता वाढवायला घेतली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ मध्ये याला मक्तेदारीचा प्रयत्न ठरवून तक्रार केली, आणि १९८० मध्ये ती फेटाळली, कारण स्वस्त प्रक्रिया असलेल्याने वाढणाऱ्या मागणीसाठी क्षमता उभारणं कमिशनला गैर वाटलं नाही. इथे द्वयाधिकार नव्हता, उत्पादक दोनापेक्षा जास्त होते, हे लक्षात ठेवा. पण नेत्याकडे काय काय लागतं ते यात एका ठिकाणी दिसतं: कमी खर्च, परत न फिरवता येणारी गुंतवणूक, आणि समोरच्यांना ती दिसणं. आणि इथे नेत्याचाच खर्च कमी होता, म्हणजे तुमच्या उदाहरणाच्या बरोबर उलट.

दिसण्याची अट वाटते त्याहून नाजूक आहे. १९९५ मध्ये काइल बॅगवेल यांनी दाखवलं की अनुयायाला नेत्याचा आकडा किंचितही अस्पष्ट दिसत असेल, तर शुद्ध डावपेचांत, म्हणजे प्रत्येकाने एकच ठरलेला आकडा निवडायचा असेल तेव्हा, ६०-३० हा समतोल टिकत नाही. त्यांचा तर्क आपल्या आकड्यांवर असा लागतो. समजा अनुयायाला खात्री आहे की नेता ६० च आणतो. मग कधी ४५ असं दिसलं तर तो म्हणेल, हा मोजण्यातला फरक असणार, आणि ३० वरच राहील. हे नेत्याला कळलं की तो खरंच ४५ आणेल, कारण तिथे २,०२५ आहेत. म्हणजे मूळ खात्रीच खोटी ठरली. उरतात ते फक्त ४०-४०. दोनच वर्षांनी एरिक फॉन डाम आणि श्याक हुर्केन्स यांनी दाखवलं की मिश्र डावपेच, म्हणजे अनेक आकड्यांतून ठरावीक संभाव्यतेने एक निवडणं, धरले तर स्टॅकेलबर्गच्या अगदी जवळचा समतोलही सापडतो. त्यामुळे बॅगवेलच्या निकालावरून नेतृत्व संपलं असं समजू नका. पण आकडा नेमका कसा दिसतो, हे विचारल्याशिवाय कोणाला नेता म्हणू नका.

एक अवस्था राहिली: दोघांनाही नेता व्हायचं असेल तर? कूर्नोपेक्षा नेत्याला जास्त मिळतं, म्हणून इच्छा दोघांचीच असते. दोघं ६० आणून बसले की एकूण १२०, किंमत शून्य, दोघांचा नफा शून्य. स्टॅकेलबर्ग यांना स्वतःला अशी ओढाताणच द्वयाधिकारात जास्त संभवनीय वाटत होती. आज त्यांच्या नावाने शिकवला जातो तो शांत, एक पुढे-एक मागे असा समतोल, आणि त्यामुळे त्यांची मूळ भीती वर्गात क्वचितच पोचते.

वर्गात मी हा खेळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर खेळवतो. नेता ६० लिहितो आणि अनुयायी झालेला विद्यार्थी पुष्कळदा ३० लिहीत नाही, ३५ किंवा ४० लिहितो. विचारलं की म्हणतो, ‘त्याने एवढं घेतलं, मग मीही सोडणार नाही.’ यात स्वतःचं २५ किंवा १०० चं नुकसान आहे हे त्याला माहीत असतं. स्टेफन हूक, वीलांट म्युलर आणि हान्स-टेओ नॉर्मान यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं: मोठा आकडा टाकणाऱ्या नेत्याला अनुयायी हिशेबापेक्षा जास्त माल आणून झोंबतात, आणि नेते सिद्धांत सांगतो त्यापेक्षा कमी आणतात. एकूण माल मात्र एकाच वेळच्या निवडीपेक्षा जास्तच राहिला. म्हणजे किंमत कूर्नोपेक्षा खाली येते हा निष्कर्ष माणसांवर टिकतो, आणि दोघांच्या नफ्यातली दरी कागदावरच्या १,८००-९०० पेक्षा बरीच अरुंद होते.